आधी बर्फ, मग इस्त्री

दिवाळीच्या संध्याकाळी लाल मेणबत्ती कलंडते आणि बैठकीतल्या गालिच्यावर रुपयाएवढं मेण सांडतं. हात लगेच फडक्याकडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. पातळ मेण पुसलं की पसरतं आणि धाग्यांच्या बुडाशी उतरतं. म्हणून आधी त्याला थिजू द्यावं.

मग प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घालून ती डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवावी. पिशवी हवीच, नाहीतर वितळलेलं पाणी खालच्या तागाच्या अस्तरात मुरतं आणि वर पिवळट डाग उमटतो. चमच्याने ठोकल्यावर टकटक आवाज आला, की मेण ठिसूळ झालं असं समजावं. चमच्याच्या दांड्याने त्याचे तुकडे करावेत आणि बोथट सुरीने कडेकडून मध्याकडे खरवडावं. तुकडे पुन्हा मऊ व्हायच्या आत व्हॅक्यूम क्लीनरने उचलावेत.

तरीही धाग्यांना मेणाचा पातळ थर चिकटून राहतो. आता उष्णतेची पाळी. मेणबत्तीचं मेण साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे इस्त्री अगदी कमी तापमानावर आणि वाफ बंद ठेवून पुरते. डागावर कोरा खाकी कागद किंवा टिपकागद ठेवावा (वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते) आणि पाच-दहा सेकंद इस्त्री टेकवावी. कागदावर तेलकट डाग दिसला, म्हणजे मेण वर आलं. दर वेळी कागदाचा कोरा भाग घ्यावा आणि डाग उमटेनासा झाला की थांबावं. बरेच गालिचे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. हा धागा १६० अंशांच्या आसपास वितळतो, आणि सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री त्याहून गरम असते. वितळलेला धागा काही पूर्ववत होत नाही. लाल रंगाची छटा उरलीच, तर कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टिपावं. पण इस्त्री पूर्ण थंड झाल्यावर, आणि आधी गालिच्याच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तपासून.

च्युइंगमला मात्र इस्त्री दाखवू नये. त्यात रबरासारखा चिवट पदार्थ असतो. तापला की तो मेणासारखा कागदात शोषला जात नाही, मऊ होऊन विणीत आणखी घुसतो. मुलाच्या शाळेच्या पँटला गम चिकटला असेल, तर गम बाहेरच्या बाजूला राहील अशी घडी घालून पँट पिशवीत भरावी आणि दोन तास फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्या काढल्या खरवडावं. गम ताणला जाऊन तारा सुटू लागल्या, तर कापड परत फ्रीझरमध्ये ठेवावं. ओढाताण केली तर धागे तुटतात.

पैठणीवर किंवा जरीवर मेण पडलं, तर यातलं काहीच घरी करू नये. ड्रायक्लीनरकडे द्यावी आणि डाग मेणाचा आहे हे त्याला आवर्जून सांगावं.