दीडपट आणि अडीचपट: कोणता परतावा मोठा?

एका म्युच्युअल फंडात एक लाखाचे तीन वर्षांत दीड लाख झाले, म्हणजे एकूण परतावा 50 टक्के. दुसऱ्यात एक लाखाचे अडीच लाख झाले, पण दहा वर्षांत. तिथे परतावा 150 टक्के. म्हणून दुसरा फंड सरस, हा पहिला गैरसमज. एकूण टक्केवारी वाढ किती झाली ते सांगते, त्या वाढीला किती काळ लागला ते सांगत नाही.

गैरसमज: टक्क्यांना वर्षांनी भागलं की वार्षिक दर मिळतो.

असं भागलं तर 16.7 आणि 15 टक्के येतात आणि दोन्ही फंड जवळपास सारखे वाटतात. याचा पडताळा सोपा आहे. दरसाल खरोखर 15 टक्के मिळाले असते, तर लाखाचे पहिल्या वर्षी 1,15,000 होतात, दुसऱ्या वर्षी 1,32,250 आणि दहाव्या वर्षाअखेर चार लाखांच्या वर. हाती तर अडीचच लाख आले. भागाकारात व्याजावरचं व्याज धरलेलंच नसतं, आणि मुदत लांबते तशी ही चूक वाढत जाते.

बरोबर पद्धत अशी: शेवटच्या रकमेला सुरुवातीच्या रकमेने भागायचं, आलेल्या संख्येचं जितकी वर्षं तितकं मूळ काढायचं आणि त्यातून 1 वजा करायचा. एक्सेलमध्ये:

```
=(250000/100000)^(1/10)-1
```

उत्तर 9.6 टक्के. दीड लाखासाठी तीन वर्षं घालून हेच केलं तर 14.5 टक्के. खरी तफावत एवढी मोठी आहे.

पोस्टाचं किसान विकास पत्र हे याचं चांगलं उदाहरण. एप्रिल 2023 मध्ये ठरलेल्या दराने त्यात पैसे 115 महिन्यांत दुप्पट होतात. भागाकाराने हा दर 10.4 टक्के येतो, पण सरकारने जाहीर केलेला दर 7.5 टक्केच आहे. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकला की आधी मुदत विचारा, असा माझा आग्रह असतो.

गैरसमज: एसआयपीलाही हेच सूत्र चालतं.

चालत नाही, कारण तिथे प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं असतं. दरमहा 10,000 रुपये तीन वर्षं भरले, म्हणजे 3,60,000, आणि त्याचे 4,32,000 झाले, तर वरच्या सूत्राने 6.3 टक्के दिसतात. पण शेवटचा हप्ता जेमतेम महिनाभर गुंतलेला होता. प्रत्येक हप्त्याची तारीख धरणारं `XIRR` हे फंक्शन वापरलं की सुमारे 12 टक्के येतात.

गैरसमज: वार्षिक दर म्हणजे दरवर्षी तेवढं मिळालं.

तो सरासरी वेग आहे. 14.5 टक्क्यांच्या त्या तीन वर्षांत एखादं वर्ष तोट्याचंही असू शकतं, किंवा ती तिन्ही वर्षं तेजीची असू शकतात. म्हणून दर काढून झाल्यावर दुसऱ्या फंडाचीही नेमकी तीच तीन वर्षं घेऊन पाहावीत.