फ्लॅट विकण्याआधीची एनओसी: अर्जात काय लिहायचं, सोबत काय जोडायचं

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांतल्या 38व्या उपविधीत एक वाक्य आहे. सभासदाला आपले भाग आणि सदनिकेतला हक्क दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी संस्थेच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, असं ते वाक्य स्पष्ट सांगतं. तरीही फ्लॅट विकायला काढला की पहिला प्रश्न येतो तो ‘सोसायटीची एनओसी घेतलीत का?’ हाच. घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक ती मागते, घेणाऱ्याचा वकील मागतो, आणि कमिटीलाही आपल्याला विचारल्याशिवाय काही होऊ नये असं वाटतं. त्याच उपविधीत पुढे अशी सोय आहे, की कोणाला दाखला हवाच असेल तर त्याने अर्ज करावा आणि कमिटीने महिन्याभरात त्याचा विचार करावा. म्हणजे हा अर्ज आपल्या सोयीसाठी असतो, कमिटीच्या मेहेरबानीसाठी नाही. अर्जाची भाषा त्याच हिशेबाने ठेवावी.

समजा, ठाण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला बी विंगमधला 304 नंबरचा फ्लॅट विकायचा आहे. व्यवहार 90 लाखांचा ठरलाय, घेणारा त्यातले 60 लाख बँकेकडून कर्ज घेणार आहे. शेअर सर्टिफिकेटवर तिचं आणि दिवंगत पतीचं नाव आहे. फ्लॅट गेले 14 महिने भाड्याने दिलेला आहे. वरवर साधा वाटणारा व्यवहार, पण अर्ज अडकण्याच्या दोन जागा यात आधीच दडलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे पतीचं नाव. बाईंनी एकटीच्या सहीने अर्ज दिला तर कमिटी तो परत करेल, आणि तो हट्टीपणा नसेल. नामनिर्देशनामुळे सोसायटीच्या दफ्तरी सभासदत्व पुढे जाऊ शकतं, मालकी ठरत नाही. पतीच्या हिश्श्यात मुलांचाही वारस म्हणून वाटा असतो. तेव्हा आधी मुलांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं किंवा विक्री करारावर सगळ्यांनी सह्या करायच्या हे ठरवावं, सोसायटीकडे मृत्यूचा दाखला देऊन नाव कमी करून घ्यावं, आणि मगच एनओसी मागावी. हे काम बऱ्याचदा पाच-सहा वर्षं तसंच पडून राहतं आणि नेमकं टोकन घेतल्यावर आठवतं.

दुसरी जागा भाड्याची. सदनिका भाड्याने दिली की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि त्या हिशेबात महापालिकेचा कर धरायचा नाही. बाईंचं सेवा शुल्क महिन्याला 2,400 रुपये असेल तर हे शुल्क 240 रुपये होतं. चौदा महिन्यांचे 3,360. भाडेकरू ठेवल्याचं कळवलंच नव्हतं, म्हणून बिलात ते आलंच नाही. आता ‘नो ड्यूज’ मागायला गेल्यावर कमिटी ते काढणार, वर व्याजही लावू शकते. उपविधींप्रमाणे व्याज सरळ असतं आणि दर वर्षाला 21 टक्क्यांच्या वर जात नाही. अर्जाआधीच स्वतः हिशेब मांडून पैसे भरले आणि पावती घेतली, की वाद घालायला काही उरत नाही.

एवढं निस्तरल्यावर अर्ज छोटाच होतो. साधारण असा:

‘प्रति, सचिव. विषय: बी विंग, सदनिका क्र. 304 विकण्यासाठी ना हरकत दाखला मिळण्याबाबत. महोदय, मी वरील सदनिकेची सभासद असून ती सोबत नमूद केलेल्या व्यक्तीस विकण्याचे ठरवले आहे. उपविधीप्रमाणे माझे भाग व हितसंबंध हस्तांतरित करण्याच्या इराद्याची पंधरा दिवसांची ही सूचना समजावी. खरेदीदार बँकेकडून कर्ज घेत असल्याने (1) विक्रीस हरकत नसल्याचा, व (2) बँकेकडे सदनिका गहाण ठेवण्यास हरकत नसल्याचा, असे दोन दाखले बँकेच्या नमुन्यात मिळावेत. आजपर्यंतची देणी भरली आहेत.’

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. हस्तांतरणाची पंधरा दिवसांची नोटीस द्यावीच लागते. ती याच पत्रात घातली की वेगळी खटपट उरत नाही. आणि विक्रीची एनओसी व गहाणाची एनओसी हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला मिळाला आणि दुसरा राहिला, तर बँक कर्जाची रक्कम सोडत नाही आणि सगळे कमिटीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहत बसतात. बँकेचा छापील नमुना घेऊन तोच जोडणं हा यावरचा सोपा उपाय.

आता सोबतचे कागद. शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स लागते, कारण मागच्या बाजूला आधीच्या हस्तांतरणांच्या नोंदी असतात. ज्या कराराने फ्लॅट आपल्याकडे आला त्याची आणि त्याच्या नोंदणीच्या इंडेक्स दोनची प्रत. मेंटेनन्सचं शेवटचं बिल आणि पावती. घेणाऱ्याचं सहीचं संमतीपत्र. नोटिशीसोबत ते उपविधींनाच अपेक्षित आहे. त्याच्या पॅन आणि आधारच्या प्रती, आधारचे पहिले आठ अंक झाकलेले असले तरी चालतं. बाईंच्या बाबतीत मृत्यूचा दाखला आणि हक्कसोडपत्राची प्रत. फ्लॅटवर आधीच्या कर्जाचा बोजा सोसायटीच्या दफ्तरात नोंदलेला असेल, तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र. जमीन सिडकोची, म्हाडाची किंवा शासनाने दिलेली असेल तर त्या त्या कार्यालयाची परवानगी हा वेगळाच विषय होतो. तिथे सोसायटीची एनओसी पुरेशी नसते.

काय जोडायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. शेअर सर्टिफिकेटची मूळ प्रत आणि सभासदत्वाचा राजीनामा आत्ता द्यायचा नाही. ही कागदपत्रं विक्री करार नोंदवून झाल्यावर, प्रत्यक्ष हस्तांतरणाच्या अर्जाबरोबर द्यायची असतात. काही सेक्रेटरी ‘एकदाच सगळं देऊन टाका’ म्हणतात. उद्या घेणाऱ्याचं कर्ज नामंजूर झालं, तर बाईंचा राजीनामा कमिटीच्या फायलीत आणि फ्लॅट मात्र बाईंकडेच, अशी विचित्र अवस्था होईल.

पैशांचंही तसंच. ट्रान्सफर प्रीमियम हस्तांतरणाच्या वेळी द्यायचा असतो, एनओसीच्या बदल्यात नाही. सहकार खात्याच्या 9 ऑगस्ट 2001च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत तो जास्तीत जास्त 25,000 रुपये. शिवाय 500 रुपये हस्तांतरण शुल्क आणि नव्या सभासदाची 100 रुपये प्रवेश फी. विकास निधी, देणगी, लिफ्ट फंड अशा नावांनी लाख-दीड लाख मागितले जातात, त्यांना या परिपत्रकाने मनाई आहे. विकणाऱ्याला घाई असते, हे मागणाऱ्यांना ठाऊक असतं. अशा वेळी तोंडी घासाघीस न करता ‘मागणी लेखी द्या’ एवढंच म्हणून पाहावं. बहुतेकदा ती लेखी येत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊन पोच ठेवावी. ऑफिसात कोणी घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी, कारण महिना त्या तारखेपासून मोजायचा आहे. दाखला हातात आल्यावर सोसायटीचा नोंदणी क्रमांक, विंग, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ आणि दोघांची नावं करारातल्या मसुद्याशी अक्षरश: ताडून पाहावीत. नावातला एक काना बदलला तरी बँक कागद परत करते. महिना उलटूनही उत्तर आलं नाही, तर पोचेची प्रत जोडून उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि तोवर घेणाऱ्याच्या बँकेला 38व्या उपविधीतलं ते वाक्य दाखवून बघावं. काही बँका नोटिशीची पोच आणि थकबाकी नसल्याची पावती यांवरही पुढे जातात, सगळ्या नाहीत.