स्टिल्टच्या खांबातला वाढता वाक

अंधेरी-बोरिवलीत तळाशी पार्किंग असलेल्या इमारतींचे खांब वरच्या मजल्यांचे ओझे पेलतात, शिवाय वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा जोरही. दोन्हींचे परिणाम सुटे काढून नुसती बेरीज केली, तर उत्तर कमी येते. आडव्या जोराने खांब वाकला की ओझे मूळ रेषेपासून सरकते. ओझे गुणिले हे सरकणे एवढे नवे नमन आघूर्ण खांबाला आणखी वाकवते. ओझे बकलिंग भाराच्या 20 टक्के असेल, तर मूळ 100 मध्ये 20, मग 4, मग 0.8 अशी भर पडत बेरीज 125 वर स्थिरावते. तोच खांब 3 ऐवजी 4.5 मीटर उंच केला, तर बकलिंग भार सव्वादोन पटींनी घटतो, गुणोत्तर 45 टक्के होते आणि 100 चे जवळपास 182 होतात.

आडवा जोर किरकोळ असेल तर एवढी काळजी कशाला, असा आक्षेप येतो. पण वाढीचा पट ठरतो तो ओझ्यावर आणि खांबाच्या सडपातळपणावर. जाडजूड खांबात ही भर खरोखर नगण्य असते. म्हणून आयएस 456 प्रभावी लांबी जाडीच्या 12 पटींहून कमी असेल तर ही भर सोडू देते. स्टिल्टमध्ये मात्र भिंती नसल्याने मजला बाजूला सरकू शकतो, आणि प्रभावी लांबी दिसणाऱ्या उंचीपेक्षा जास्त धरावी लागते.