लिलावाची भिशी उचलताय? आधी व्याजाचं गणित मांडा

जून महिना, मुलांची फी, त्यातच घरातलं आजारपण. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्याची किंवा विडी वळणारीची पगारपत्रक नसल्याने बँकेत अडचण होते. अशा वेळी गल्लीतली भिशी आठवते. कागद नाही, जामीनदाराची धावपळ नाही आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला रक्कम हातात. पण भिशी ही फक्त बचत नसते. लवकर उचलणाऱ्यासाठी ते कर्ज असतं आणि त्याला व्याजही पडतं. ते कुठेच लिहिलेलं नसतं एवढंच.

भिशीचे दोन प्रकार

पहिली साधी भिशी. मैत्रिणी, नातेवाईक किंवा एकाच कारखान्यातले कामगार दरमहा सारखी रक्कम भरतात, चिठ्ठी काढतात आणि नाव निघेल त्याला सगळी रक्कम मिळते. यात कुणाला नफा नाही, तोटाही नाही.

दुसरी लिलावाची भिशी. यात ज्याला गरज आहे तो बोली लावतो. ‘मी इतके सोडतो, रक्कम मला द्या’ असं म्हणायचं. जो सर्वांत जास्त सोडेल त्याला भिशी मिळते. सोडलेल्या रकमेतून चालक आपलं कमिशन घेतो आणि उरलेले पैसे सगळ्या सभासदांत वाटले जातात. नोंदणीकृत चिट फंड याच पद्धतीने चालतो.

व्याज किती पडतं?

समजा २० सभासद आहेत, हप्ता ५ हजार रुपयांचा आहे आणि भिशी १ लाखाची, २० महिन्यांची आहे. चालकाचं कमिशन दर महिन्याला ५ हजार.

पहिल्याच महिन्यात एका सभासदाला पैशांची निकड आहे. तो ३० हजार सोडतो, त्याला ७० हजार मिळतात. ३० हजारांतले ५ हजार चालकाचे. उरलेले २५ हजार वीस जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला १,२५० रुपये येतात. म्हणजे त्या महिन्याचा प्रत्येकाचा हप्ता ३,७५० रुपयेच पडतो. पुढे गरजू कमी होतात, तशी बोली उतरत जाते. ती दर महिन्याला सारखी उतरली आणि शेवटच्या महिन्यात फक्त कमिशनच कापलं गेलं, असं धरू.

या हिशोबाने प्रत्येक सभासद २० महिन्यांत एकूण ८७,५०० रुपये भरतो. पहिल्याने ७० हजार घेतले, म्हणजे त्याला १७,५०० रुपये जास्त गेले. पैसे महिन्या-महिन्याने परत जातात हे लक्षात घेतलं तर हा दर महिन्याला सुमारे २.३५ टक्के, वर्षाला सुमारे २८ टक्के होतो. शेवटी उचलणाऱ्याला ९५ हजार मिळतात. त्याचा फायदा ७,५०० रुपयांचा, म्हणजे वर्षाला साधारण ११ टक्के.

चालकाला काय मिळालं? वीस महिन्यांचे मिळून १ लाख. जोखीम मात्र सर्वांत जास्त शेवटी उचलणाऱ्याची असते. त्याची १९ महिन्यांची रक्कम दुसऱ्यांच्या हातात असते.

कायदा काय सांगतो?

अशा भिशीला चिट फंड कायदा, १९८२ लागू होतो. चिट सुरू करण्याआधी राज्य सरकारच्या चिट रजिस्ट्रारची परवानगी आणि नोंदणी लागते. चालकाला आधी तारण म्हणून सुरक्षा रक्कम ठेवावी लागते. प्रत्येक लिलावाची नोंद ठेवावी लागते आणि रक्कम उचलणाऱ्याकडून पुढच्या हप्त्यांसाठी तारण किंवा जामीन घेता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालकाचं कमिशन जास्तीत जास्त ७ टक्के असू शकतं. एकट्या व्यक्तीने चालवलेल्या सगळ्या चिटींची मिळून मर्यादा ३ लाख रुपये आहे.

वरच्या उदाहरणातल्या चार भिश्या एकाच माणसाने एकाच वेळी चालवल्या, तर ही मर्यादा ओलांडली जाते. परवानगी न घेता चिट चालवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नोंदणीचा खरा फायदा वादाच्या वेळी दिसतो. नोंदणीकृत चिटमधला वाद रजिस्ट्रारकडे नेता येतो. गल्लीतल्या भिशीत हा मार्ग नसतो. फसवणूक झाली तर पोलिसांत तक्रार करावी लागते आणि तिथे पुरावा तुमचाच लागतो.

लकी ड्रॉ भिशी वेगळी

‘नंबर लागला की पुढचे हप्ते माफ’ अशी भिशी कुणी सांगितली, तर लांब राहा. ही बक्षीस योजना आहे आणि १९७८ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आहे. माफ केलेले हप्ते कुणाच्या तरी खिशातूनच जाणार असतात.

भिशी बुडते कशी?

सुरुवात बहुतेक वेळा लवकर उचललेल्या सभासदांपासून होते. वीसपैकी तिघांनी हप्ता थांबवला की महिन्याला १५ हजारांपर्यंत तूट पडते. चालक आधी पदरचे घालतो. मग दुसरी भिशी सुरू करून तिच्या पैशांनी पहिली भागवतो. नवे सभासद मिळायचे थांबले की सगळं एकदम कोसळतं.

त्याआधी काही खुणा दिसतात. रक्कम ‘दोन टप्प्यांत देतो’ असं चालक म्हणू लागतो. लिलावाला सगळ्यांना बोलावलं जात नाही आणि भिशी कुणी घेतली ते नंतर फोनवर कळतं. सभासदांची यादी मागितली की टाळाटाळ होते. यादीत कधीच न दिसलेली नावं असतील, तर ती भिशी चालक स्वतःच उचलत असण्याची शक्यता असते.

बचत गटाचं काय?

बचत गटात साधारण १० ते २० सभासद असतात. गटाचं बँकेत खातं असतं आणि कर्जाचा निर्णय बैठकीत होऊन वहीत लिहिला जातो. व्याज सहसा महिन्याला १ ते २ टक्के, तेही शिल्लक रकमेवर. मुख्य फरक म्हणजे हे व्याज गटाकडेच राहतं, चालकाच्या खिशात जात नाही. गटाची वही नीट असेल तर बँक १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज देऊ शकते.

इथेही धोका आहे. सह्या करणारे दोन-तीन पदाधिकारीच सगळं पाहत असतील आणि बाकीच्यांनी पासबुकही पाहिलेलं नसेल, तर सभासदाच्या नावावर त्याला न कळता कर्ज चढू शकतं. शिवाय मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटालाही लोक ‘बचत गट’च म्हणतात. तिथे बचत नसते, कर्ज कंपनीचं असतं आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव येतो.

पैसे देण्याआधी

नोंदणी असल्याचं चालक सांगत असेल तर क्रमांक मागा आणि रजिस्ट्रारच्या कार्यालयात विचारा. घरगुती भिशी असेल तर सगळ्या सभासदांची नावं आणि फोन नंबर स्वतःकडे ठेवा. हप्ता शक्यतो ऑनलाइन भरा, रोख दिला तर वहीवर सही घ्या. कोरा चेक देऊ नका. द्यावाच लागला तर रक्कम लिहून, त्याचा फोटो काढून द्या आणि शेवटचा हप्ता भरताच परत मागा.

आणि बोली लावण्याआधी कागदावर दोनच आकडे लिहा. आज हातात किती येणार आणि शेवटपर्यंत किती भरणार. यातला फरक म्हणजे तुमचं व्याज. तेवढीच रक्कम गटातून किंवा पतसंस्थेतून कितीला पडते, ते विचारा आणि मगच हात वर करा.