रात्री तीस सेकंद, आठवड्याला दीड पान

पाचोड परिसरात कापसाची वेचणी सुरू झाली की मजुरी किलोवर ठरते आणि हिशोब आठवड्याने होतो. रोज किती किलो भरले ते मालकाच्या वहीत लिहिलेले असते. वेचणाऱ्या भगिनीकडे मात्र नुसती आठवण असते, आणि पाच-सहा दिवसांची मापे आठवणीत एकमेकांत मिसळतात. यावर एक साधा उपाय आहे. रोज झोपण्यापूर्वी मोबाईलवर तीस सेकंद बोलून ठेवायचे आणि आठवड्यातून एकदा ते सारे वहीत उतरवून वाचायचे.

तीस सेकंदांत साधारण साठ शब्द बोलून होतात. म्हणून क्रम ठरलेला हवा: आधी वार व तारीख, मग काम कोणाकडे केले, माप किंवा मजुरी किती, पैसे दिले-घेतले किती, आणि शेवटी घरातील एखादी गोष्ट. तारीख तोंडाने सांगावीच, कारण मोबाईलमधील तारीख कधी कधी चुकीची लावलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नंबरला आवाजी निरोप पाठवला तरी चालतो. तेथे सगळे निरोप ओळीने एका ठिकाणी राहतात.

वाचकहो, एक उदाहरण घेऊ. समजा दर किलोला दहा रुपये आहे. एका भगिनीच्या नोंदींत सोमवार ४२ किलो, मंगळवार ३८, बुधवार ४५ आणि त्याच दिवशी ३०० रुपये उचल, गुरुवारी पावसामुळे सुट्टी, शुक्रवार ‘सकाळी चोवीस, संध्याकाळी सोळा’, शनिवार ३६. एकूण २०१ किलो, म्हणजे २०१० रुपये. उचल वजा जाता १७१० मिळायला हवेत. मालकाने हातावर १५५० ठेवले. त्याच्या वहीत १८५ किलो आहेत. फरक सोळा किलोंचा, आणि सोळा हा आकडा शुक्रवारच्या संध्याकाळी सापडतो. दुसरे माप वहीत चढलेच नव्हते. आता ‘पैसे कमी दिले’ असा वाद घालावा लागत नाही. ‘शुक्रवारचे संध्याकाळचे माप पाहा’ एवढेच म्हणता येते. काट्यापाशी कोण कोण होते तेही नोंदीत असेल तर अधिक बरे. आपण एकट्याने बोललेली नोंद म्हणजे पक्का पुरावा नव्हे. पण नेमके कोठे पाहायचे ते ती दाखवते.

आता उतरवून घेण्याविषयी. सात नोंदींचे मिळून चारशेच्या आसपास शब्द होतात, म्हणजे वहीचे दीड-दोन पान. थांबवून थांबवून ऐकत लिहिले तर अर्धा-पाऊण तास लागतो. घरातील शिकणारे मूल हे काम करू शकते. मात्र मुलाने लिहू नये असे काही त्या नोंदीत नसावे. बोलले तसेच लिहावे, सुधारू नये. ऐकू आले नाही तेथे जागा कोरी सोडावी. एखाद्या रात्री नोंद राहिली तर ‘नोंद नाही’ असे लिहावे. कचेरीच्या रजिस्टरप्रमाणेच येथेही मागाहून अंदाजाने भरलेला आकडा सगळ्या पानाचा भरवसा घालवतो.

पान लिहून झाले की दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे आकड्यांची बेरीज. दुसरी, कोणता शब्द पुन्हा पुन्हा आला. रोज रात्री ‘यांना खोकला आहे’ असे बोलताना त्यात विशेष वाटत नाही. पण या पानावर चार वेळा आणि मागच्या पानावर पाच वेळा तोच शब्द दिसला, तर दोन आठवडे झाले हे डोळ्यांना दिसते. दोन आठवडे टिकलेला खोकला म्हणजे क्षयाची तपासणी करून घ्यायची वेळ, आणि सरकारी दवाखान्यात थुंकीची ही तपासणी मोफत होते. ‘चार दिवसांपासून खोकतोय’ असे डॉक्टरांना सांगणे आणि पहिल्या नोंदीची तारीख सांगणे यांत फार अंतर आहे.

ही सवय बिघडते ती ‘आज कालच्यासारखेच’ या वाक्याने. वहीत उतरवल्यावर अशा नोंदीत ना आकडा असतो ना नाव, म्हणून ती लगेच ओळखू येते. दोन-तीन मिनिटे बोलत राहिलेली नोंदही घातकच, कारण ती लिहायला कोणी बसत नाही आणि आठवड्याचे पान तुंबते. तीस सेकंद झाले की वाक्य अर्धे असले तरी थांबावे. दुसऱ्या रात्री माणूस आकडा आधी सांगू लागतो.

मोबाईल हरवतो, बिघडतो, विकलाही जातो. म्हणून पान वहीत उतरल्याशिवाय आवाज पुसू नये, आणि वही रेशनकार्डाजवळ ठेवावी.