पान उन्हाकडे धरून बघा

गेल्या पावसाळ्यात सांगोल्याकडच्या ओळखीच्या एका डाळिंब बागायतदाराचा फोटो आला. तळहातावर एक पान, त्यावर सात-आठ काळपट ठिपके आणि प्रत्येकाभोवती पिवळसर कड. खाली प्रश्न होता, "सर, तेल्या आहे का? कोणतं औषध मारू?" ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. मृग बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती आणि चार दिवस पावसाची झड लागून राहिली होती. घाई होणं स्वाभाविक होतं. तरी त्या एका फोटोवरून मी उत्तर दिलं नाही.

कारण काळा ठिपका आणि पिवळी कड हे डाळिंबात तेल्याचंही लक्षण असतं आणि बुरशीच्या ठिपक्यांचंही. पान म्हातारं झालं की पिवळेपणा आणखी गोंधळ वाढवतो. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे, तर सर्कोस्पोरा, अल्टरनेरिया या बुरशी आहेत. फक्त बुरशीवर चालणारं औषध जिवाणूला काहीच करत नाही. पावसात असे आठ दिवस वाया गेले तर रोग अर्ध्या बागेत पोचतो. म्हणून ठिपका कशानं झाला हे आधी ठरवायला हवं, आणि त्याचा बराचसा पुरावा ठिपक्याच्या ठेवणीतच असतो.

तेल्या हे नाव शेतकऱ्यांनीच ठेवलं आणि ते अगदी नेमकं आहे. झान्थोमोनास नावाचा जिवाणू पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो आणि पेशींच्या मधल्या पोकळ्यांत वाढतो. निरोगी पानात या पोकळ्यांत हवा असते. प्रकाश त्या हवेशी अडखळून विखुरतो, म्हणून पान अपारदर्शक दिसतं. जिवाणू वाढला की तिथली हवा जाऊन ओल भरते आणि प्रकाश आरपार येऊ लागतो. कागदावर गोडेतेलाचा थेंब पडला की तो भाग जसा उजळ, पारदर्शक दिसतो, तसंच इथे घडतं. पुढे मधल्या पेशी मरतात आणि ठिपका तपकिरी, मग काळपट होतो. पण रोग पुढे सरकत असेल तर कडेला ओलसर, तेलकट वलय शिल्लक राहतं.

बुरशीची वाढ वेगळ्या तऱ्हेची असते. एका बिंदूपासून तिचे धागे चहूकडे पसरतात आणि वाटेतल्या पेशी मारत जातात. म्हणून तिचे ठिपके बहुधा गोलसर, कोरडे आणि रेखीव कडेचे असतात. हवामान बदलेल तशी वाढ कमी-जास्त झाली तर अल्टरनेरियाच्या ठिपक्यात एकात एक वर्तुळं दिसतात. सर्कोस्पोराचे ठिपके लहान, काळपट तांबूस असतात. पान उन्हाकडे धरलं तर ते काळेच राहतात, कड उजळत नाही.

हे ध्यानात घेऊन मी त्या बागायतदाराला चार फोटो मागितले. पहिला संपूर्ण झाडाचा, दुसरा फांदी आणि तिच्या डोळ्यांचा. तिसरा तेच पान सूर्याकडे धरून, खालच्या बाजूनं काढलेला. चौथा पानाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे ठिपक्याचा आकार कळावा. पान कोरडं असू द्या आणि फ्लॅश बंद ठेवा, हेही सांगितलं. ओल्या पानाचा प्रत्येक थेंब तेलकट डागासारखा दिसतो आणि फ्लॅशची चमक तर कुठल्याही पानाला तेल्या लावते! व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोत बारीक कडा पुसल्या जातात, म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. सूर्याकडे धरलेल्या पानात मोठ्या, जुन्या ठिपक्यांभोवती बारीक उजळ कड दिसत होती. दोन अगदी लहान, नवे ठिपके तर पूर्णच पारदर्शक होते. पहिल्या फोटोत ते दिसलेही नव्हते. फांदीच्या एका डोळ्याशी काळपट डाग होता. झाडाच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे वाऱ्यापावसाचा मारा बसलेल्या फांद्यांवर ठिपके दाट होते आणि आतल्या बाजूला विरळ. पावसाच्या थेंबांबरोबर उडून पसरणाऱ्या रोगाची मांडणी अशीच असते. एका फळावर छोटा तेलकट डाग होता. फळावर रोग वाढला की त्या डागाला इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर पडते. इथे ती अजून पडली नव्हती.

हे सगळं चित्र तेल्याकडे बोट दाखवत होतं. तरी फोटोवरून येतो तो संशय, निदान नव्हे. त्यांना ताजे ठिपके असलेली दहा-बारा पानं कागदी पिशवीतून जवळच्या प्रयोगशाळेत द्यायला सांगितलं. जुन्या, वाळलेल्या डागावर मेलेल्या भागावर जगणारी बुरशी नंतर वाढते आणि तपासणारा फसू शकतो, म्हणून ठिपके ताजेच हवेत. प्रयोगशाळेत ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कापलेल्या कडेतून धुरासारखा जिवाणूंचा लोट बाहेर येताना दिसला. बुरशीच्या ठिपक्यातून असा लोट येत नाही.

निकाल येईपर्यंत त्यांनी औषधासाठी धाव घेतली नाही, पण ते बसूनही राहिले नाहीत. गळालेली पानं आणि डागाळलेली फळं गोळा करून बागेबाहेर नेऊन नष्ट केली. झाडं ओली असताना बागेत शिरणं थांबवलं. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याआधी निर्जंतुक करायला सुरुवात केली. ठिपका बुरशीचा निघाला असता तरी यातलं बहुतेक काम वाया गेलं नसतं.

एक तिसरी शक्यताही प्रत्येक वेळी तपासावी लागते, ती म्हणजे रोगच नसण्याची. तांबेयुक्त औषध जास्त प्रमाणात पडलं तर पानाच्या टोकाशी आणि कडेला, जिथे थेंब साचतात, तिथे डाग पडतात. असे डाग एकाच दिवशी उमटतात, पुढे वाढत नाहीत आणि नंतर आलेली पालवी स्वच्छ असते. रोगाच्या ठिपक्यांत मात्र लहान-मोठे, नवे-जुने असे सगळे एकाच वेळी सापडतात. म्हणून आठ दिवसांच्या अंतरानं त्याच फांदीचे दोन फोटो काढून ते शेजारी ठेवून पाहिले की पुष्कळ उलगडा होतो.

फोटोलाही मर्यादा आहे. कोरड्या हवेत तेल्याचं ओलसर वलय वाळून जातं, मग उन्हाकडे धरूनही काही उजळत नाही. त्या वेळी पानापेक्षा फांदीचे डोळे आणि फळं जास्त सांगतात.

तुमच्या बागेत ठिपके दिसले तर दव वाळल्यावर, सकाळच्या उन्हात एक पान तोडा, सूर्याकडे धरा आणि फोटो काढा. सल्ला मागताना सपाट पानाच्या फोटोबरोबर हाही पाठवा. औषधाच्या दुकानात जाल ते त्याचं उत्तर आल्यावरच.