बरणीचा फोटो खिडकीपाशी

तायांनो, आज फक्त कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी घेऊ. तिचा फोटो जमला की बाकीचे पदार्थ सोपे जातील.

आधी घरातली ट्यूबलाइट बंद करा. खिडकीतला उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र आले की फोनचा गोंधळ उडतो आणि लालभडक लोणचं हिरवट, मळकट दिसतं. फ्लॅश तर नकोच. त्याने तेलावर पांढरा ठिपका चमकतो आणि फोडी दिसेनाशा होतात. थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी टेबल लावा. ऊन येतच असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पंचा टांगा. उजेड बरणीच्या एका बाजूने यायला हवा. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की तिथली काळी सावली उजळते.

आता बरणी. बाहेरचे तेलाचे ओघळ आणि बोटांचे ठसे कोरड्या कापडाने पुसा, फोनची काचही पुसा. फोडी काचेलगत दिसत नसतील तर चमच्याने थोड्या सरकवा. मधल्या हवेच्या पोकळ्या गेल्या की बरणी भरलेली दिसते. काचेत खिडकी किंवा तुम्ही स्वतः दिसत असाल तर बरणी थोडी फिरवून पाहा. तरीही प्रतिबिंब राहिलं तर एकीने फोनच्या मागे काळी ओढणी धरावी, काचेत मग तिचा काळोखच येतो.

स्क्रीनवर फोडीवर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित खाली ओढा. गडद वस्तू दिसली की फोन आपणहून उजेड वाढवतो आणि मसाल्याचा लाल रंग नारिंगी, फिका पडतो. झूम करू नका, फोन जवळ न्या. फिल्टर लावू नका.

एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. कालवल्या दिवशीचं लोणचं कोरडं आणि उजळ असतं. मुरलं की खार सुटतो, रंग गडद होतो. तुम्ही मुरलेलं विकत असाल तर फोटोही मुरलेल्याचाच हवा. नाहीतर बरणी हातात पडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, “हे जुनं दिसतंय.” तुम्ही कितीही समजावलंत तरी शंका जात नाही.

चकलीला हाच बाजूचा उजेड लागतो, त्याने काटे उठून दिसतात. समोरून उजेड टाकला तर ती सपाट दिसते. एक चकली मोडून ठेवा, म्हणजे आतली पोकळी कळेल.

तीन फोटो पुरतात. एक अख्ख्या बरणीचा, एक वाटीत काढलेल्या फोडींचा आणि एक लेबलचा, ज्यात वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक वाचता येईल. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘एचडी’ निवडा, नाहीतर लेबलवरची बारीक अक्षरं फुटतात. आणि पाठवण्याआधी तो फोटो दुसरीच्या फोनवर उघडून खऱ्या बरणीशेजारी धरा. रंग जुळला नाही तर पुन्हा काढा.